आधी शिल्लक जुळवा, मग खर्च मांडा

नमस्कार मंडळी. आज पासबुकाचं पान स्कॅन करून घरखर्चाचा तक्ता कसा बनवायचा ते बोलूया, पण आधी माझ्या वहिनींचा किस्सा सांगतो, कारण सगळी मेख त्यातच आहे.

वहिनींनी पान स्कॅन केलं, ॲपने आकडे वाचून शीटमध्ये टाकले, आणि बेरीज बघून त्या हबकल्याच, महिन्याचा खर्च पाच हजारांनी जास्त! दादा म्हणतो मी काही काढलेच नाहीत, मग काय, दोन दिवस घरात धड बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन, "भावोजी, जरा बघता का?" मी म्हटलं, वहिनी, खर्चाची बेरीज सोडा, शिल्लक वाचा, एकेक ओळ. सातव्या ओळीत अडकलो. मागची शिल्लक १२,४००, काढले ८,१५०, म्हणजे उरायला हवेत ४,२५०, आणि पुढे छापलेत ९,२५०. फरक बरोब्बर ५,०००! आता स्कॅन नको, खरं पासबुक उजेडात धरा म्हटलं. तर तिथे होते ३,१५०. इंग्रजी तीनच्या डाव्या बाजूला शाई पसरलेली, ॲपला तो आठ वाटला. वहिनी फोन न ठेवताच दादाला हाक मारायला गेल्या.

तर मंडळी, मागची शिल्लक, वजा काढलेले, अधिक भरलेले, बरोबर नवी शिल्लक. पुन्हा सांगतो, मागची शिल्लक, वजा काढलेले, अधिक भरलेले. C मध्ये काढलेले, D मध्ये भरलेले, E मध्ये शिल्लक, पहिली नोंद दुसऱ्या ओळीत असेल तर तिसऱ्या ओळीपासून F मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

प्रत्येक ओळीत शून्य यायला हवं. एकाच ओळीत फरक आला तर रक्कम चुकीची वाचलीय किंवा मधली एखादी नोंदच गळलीय. लागोपाठ दोन ओळींत तोच फरक, एकदा अधिक एकदा वजा, असा आला तर वरच्या ओळीची शिल्लक चुकीची वाचलीय. आणि फरक रकमेच्या दुप्पट असेल तर काढलेले भरलेल्यांच्या रकान्यात गेलेत. पहिल्या ओळीला मात्र मागचं पान लागतं, तिथली शेवटची शिल्लक हाताने ताडून बघा.

सगळीकडे शून्य आलं की मगच खर्चाची वर्गवारी, त्याआधी नको. तपशिलातले शब्द बघून वीज, किराणा, शाळा, औषधं असं लिहीत जायचं. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात टाकलेले पैसे खर्चात धरू नका. एटीएममधून काढलेली रोख 'रोख' म्हणूनच ठेवा, ती कुठे गेली हे पासबुकाला माहीत नसतं, ते घरातल्यांनाच विचारावं लागतं. आणि मला तो 'इतर' नावाचा रकाना अजिबात आवडत नाही, कपाटातही तसा एक खण असतो बघा, सगळं त्यात कोंबायचं आणि मग वर्षभर शोधत बसायचं. म्हणून मी तिथे 'विचारायचंय' असं लिहितो, आणि रात्री जेवताना एकेक नोंद विचारून घेतो.