एकाच गळ्याचे तीन आवाज

[दृश्य : पुण्यातली एक खोली. भिंतींना टेकवलेल्या गाद्या, मधोमध माइक. संगणकाच्या पडद्यावर गाण्याचे ट्रॅक.]

निवेदन :
गाणं दादऱ्यात आहे. लय मिनिटाला १०० मात्रा, पट्टी काळी चार. साथीला तानपुरा, तबला आणि की-बोर्डवर धरलेले दोन-तीन कॉर्ड. ध्रुवपदाचा तुकडा छोटासाच : ‘दारात थांबला पाऊस’. ‘पाऊस’मधला ‘ऊ’ पंचमावर चार मात्रा थांबतो.

गायिकेचा मुख्य टेक झालाय आणि तो छान आहे. पण ध्रुवपद दुसऱ्यांदा येतं तेव्हा वाद्यं वाढतात आणि त्यांच्यापुढे आवाज किडकिडीत वाटायला लागतो. रेकॉर्डिस्टने फेडर वर नेऊन पाहिला. आवाज मोठा झाला, भरला मात्र नाही.

[दृश्य : माउसने ट्रॅकची प्रत काढली जाते. दोन हुबेहूब लाटा एकाखाली एक.]

निवेदन :
अशा वेळी सगळ्यात आधी सुचतं ते हे : त्याच टेकची प्रत काढा आणि खाली लावा. दोन्ही लाटा तंतोतंत सारख्या असल्यामुळे आवाज फक्त ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे पुन्हा फेडर वर नेल्यासारखंच. मग ती प्रत जरा पुढे सरकवली तर? एक मिलिसेकंद सरकवली की ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठरावीक जागी दोन लाटा एकमेकींना खोडतात. ऐका.

[ध्वनी : सरकवलेल्या प्रतीसह तीच ओळ. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा.]

निवेदन :
दोन माणसं एकत्र गातात तेव्हा त्यांच्यातलं अंतर असं गोठलेलं नसतं. एका शब्दावर दुसरा १० मिलिसेकंद मागे असतो, पुढच्या शब्दावर ५ मिलिसेकंद पुढे. सुरातही थोडा फरक असतो आणि तोही हलता. या हलत्या फरकामुळेच कानाला आवाज रुंद लागतो.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत १९६६ साली हीच गोष्ट यंत्राकडून करून घेतली गेली. बीटल्सच्या जॉन लेननला तीच ओळ पुन्हा पुन्हा गाण्याचा कंटाळा होता. तिथले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी मुख्य आवाज दुसऱ्या टेपयंत्रावरून फिरवला आणि त्या यंत्राचा वेग किंचित कमीजास्त करत ठेवला. म्हणजे प्रत होतीच, पण तिचं मूळ आवाजापासूनचं अंतर सतत बदलत होतं. घाईच्या कामाला ही युक्ती आजही चालते. पण गायिका समोर बसलेली असेल तर तिलाच पुन्हा गायला सांगावं. असा पुन्हा गाऊन घेतलेला टेक म्हणजे डबल. ते बरंच स्वस्त आहे आणि कानालाही जास्त बरं लागतं.

[दृश्य : गायिका हेडफोन लावते. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हात करतो.]

रेकॉर्डिस्ट : ताई, तोच सूर, तेच शब्द. फक्त मुरकी नको.

गायिका : अरे, मग गाणं कोरडं नाही का वाटणार?

रेकॉर्डिस्ट : पहिल्या टेकमध्ये आहे ना. ती तिथेच राहू दे.

निवेदन :
आपल्या सुगम संगीतात ही खरी अडचण आहे. पाश्चात्त्य पॉपमधली सरळ ओळ पुन्हा तशीच गाता येते. पण ‘थांबला’वरची छोटी मुरकी दोनदा अगदी एकसारखी घेणं कसलेल्या गळ्यालाही अवघड जातं. दोन मुरक्या जवळजवळ सारख्या पडल्या की जागा गढूळ होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गायिकेचा गळाच अडखळला. म्हणून हरकत, मुरकी, लांब मींड हे सगळं मुख्य आवाजाकडे ठेवायचं. डबल सरळ स्वरांवरून चालतो आणि मुरकीच्या जागी चक्क गप्प बसतो. अंतऱ्यात तर डबल नकोच. तिथे गायिका एकटी बोलते आहे, तिच्या तोंडी आणखी दोन गळे घालून काय साधणार?

[ध्वनी : मुख्य टेक आणि पहिला डबल एकत्र. डबल सगळीकडे मागे रेंगाळतो.]

निवेदन :
पहिला डबल मागे पडला. असं झालं की आधी उशीर कुठून येतोय ते बघावं. प्रत्येक शब्द सारखाच मागे असेल, समजा सगळे २० मिलिसेकंदांनी, तर दोष यंत्रणेचा. मग पूर्ण ट्रॅक तेवढा पुढे ओढला की काम झालं. ब्लूटूथ हेडफोन असेल तर तो आधी बाजूला ठेवावा. त्याचा उशीर इतका असतो की गाणारा ठेक्यालाच चुकतो.

इथे मात्र उशीर शब्दागणिक वेगळा आहे. म्हणजे तो गायिकेकडून येतोय आणि त्याचं कारण हेडफोनमध्ये आहे. तिच्या कानात तिचाच मुख्य टेक मोठ्याने वाजतोय. ती तो ऐकते आणि मग गाते, त्यामुळे प्रत्येक शब्द त्याच्या मागोमाग पडतो. रेकॉर्डिस्टने मुख्य टेक जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणला, तबला वर काढला आणि एका कानावरून हेडफोन सरकवायला सांगितला. आता ती सम धरून गाते आहे, मुख्य आवाज फक्त सोबतीला आहे.

[ध्वनी : नवा डबल. दोन्ही आवाज आता एकत्र चालतात. शेवटी ‘पाऊस’वर मात्र ‘स्स’ दोनदा ऐकू येतो.]

निवेदन :
या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. दोन आवाजांत ३० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे मात्रेच्या विसाव्या भागाएवढा फरक असेल, तर कान तो सहसा पोटात घालतो. ५०च्या आसपास गेला की दोन माणसं ऐकू यायला लागतात. पण हे प्रामुख्याने स्वरांचं झालं. व्यंजनं इतकी दयाळू नसतात. ‘ऊ’ हळूहळू उमलतो, तिथे मागेपुढे खपून जातं. ‘त’, ‘ट’, ‘क’ मात्र चुटकीसारखे वाजतात आणि ‘स’ फुत्कारतो. त्यात मराठीतले बरेच शब्द व्यंजनावर तुटतात : दारात, पाऊस, वाट, एक. तीन थरांत तीन ‘त’ पडले की पायऱ्यांवरून काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज येतो.

यावरचा इलाज संगणकावर नाही, गाण्यातच आहे. डबल गाताना गायिका ‘दारा’ म्हणते आणि ‘त’ जिभेवर आणून सोडून देते. ‘पाऊ’ म्हणते आणि ‘स’ खातेच. नुसता डबल ऐकला तर तो बोबडा वाटतो. मुख्य आवाजाखाली लावला की शब्द स्वच्छ ऐकू येतात, कारण शेवटचं व्यंजन आता एकाच तोंडून निघतंय.

[दृश्य : पडद्यावर लाटा मोठ्या केल्या जातात. डबलमधले श्वास कापले जातात.]

निवेदन :
मग कात्री. डबलमधले श्वास काढून टाकले, नाहीतर प्रत्येक ओळीआधी घोळक्याने श्वास घेतल्यासारखं होतं. कापलेल्या टोकांना काही मिलिसेकंदांचा फेड दिला, म्हणजे टिचकी ऐकू येणार नाही. त्यानंतर फक्त तेच शब्द सरकवले जे कानाला खुपत होते. ‘थांबला’ चाळीसएक मिलिसेकंद मागे होता, तो शब्दाच्या आधीच्या शांततेत कापून पुढे आणला आणि ‘थ’खाली ‘थ’ बसवला. बाकीच्यांना हात लावला नाही.

हात आवरणं इथे फार महत्त्वाचं. आवाज आपोआप जुळवणारी सॉफ्टवेअर मिळतात आणि ती प्रत्येक अक्षर ओळीत बसवतात. सूर सुधारणारं साधनही वर चढवलं की दोन्ही टेक जवळजवळ एकच होतात आणि आपण फिरून त्या पोकळ नळीपाशी येतो. ते कळतं कसं? लांब स्वरावर आवाज घुमल्यासारखा, धातूचा वाटायला लागला की समजावं, जुळवणी जास्त झाली.

[दृश्य : गायिका हार्मोनिअमवर ग, मग प, मग निषाद दाबून बघते.]

निवेदन :
आता हार्मनी. चाल शुद्ध स्वरांची आहे. पहिला सरळ विचार असा की मुख्य स्वराच्या वर एक स्वर सोडून गायचं. सा असेल तिथे ग, रे असेल तिथे म. बहुतेक ओळीत हे जमतं. पण ‘पाऊस’चा ‘ऊ’ पंचमावर आहे. त्याच्या वर या हिशेबाने निषाद येतो. चार मात्रा लांब निषाद, आणि मागे तानपुऱ्यात अखंड षड्ज.

[ध्वनी : पंचम आणि वर निषाद. जागा टोचते.]

गायिका : हा नाही चालणार. सा त्याला ओढतोय.

निवेदन :
बरोबर आहे. निषाद षड्जापासून अर्ध्या स्वरावर, तिथे थांबला की तो टोचतोच. ओझरता आला असता तर कुणाला कळलंही नसतं. दोन वाटा उरतात : वर तार षड्ज किंवा खाली गंधार. दोन्ही तिथल्या कॉर्डमधलेच स्वर. तार षड्ज झळाळतो, पण कान त्याच्याकडेच जातो आणि मूळ चाल मागे पडते. त्यामुळे खालचा गंधार ठरला. ‘पा’वर षड्ज, ‘ऊ’वर गंधार, कंप न देता, मुख्य आवाजापेक्षा हलक्या गळ्याने. संपूर्ण ओळीवर हार्मनी नाही, फक्त या एका शब्दावर.

गंधारात एक खोच आहे. तानपुऱ्याशी मिळवलेला शुद्ध गंधार की-बोर्डच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट उतरलेला असतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. मुख्य आवाज तानपुऱ्याला लागलेला आणि हार्मनी की-बोर्डला, असं झालं तर दोघीही सुरात असून लांब स्वर बेचैन वाटतो. म्हणून हार्मनी गाताना हेडफोनमध्ये तानपुरा ठेवला, की-बोर्ड बंद केला. मिक्समध्येही त्या कॉर्डमधला गंधार काढून टाकला.

स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवणं आपल्याकडे नवीन नाही. १९८७च्या ‘इजाजत’मध्ये राहुलदेव बर्मन यांनी आशा भोसले यांचा आवाज त्यांच्याच आवाजाला गुंफला. तिथे दोन आवाज ऐकू यावेत हाच हेतू होता. आपल्या गाण्यात नेमकं उलटं हवंय.

[दृश्य : मिक्सर. मुख्य आवाज मध्ये, दोन डबल डावी-उजवीकडे.]

निवेदन :
मुख्य आवाज मधोमध राहिला. दुसरा एक डबल गाऊन घेतला आणि दोन्ही डबल डाव्या-उजव्या बाजूंना लावले, मुख्य आवाजापेक्षा १० डेसिबल खाली. हार्मनी आणखी दोन डेसिबल खाली. डबलमधला २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापला, कारण छातीतला भार मुख्य आवाजात पुरेसा आहे, तो तिप्पट केला तर तबल्याचा डग्गा बुजतो. वरचा सळसळता भागही थोडा उतरवला.

रेकॉर्डिस्ट आता डबल मध्येच बंद करतो, पुन्हा चालू करतो. बंद केल्यावर ओळ आक्रसल्यासारखी वाटली पाहिजे आणि चालू केल्यावर ‘मागे कोण गातंय?’ असा प्रश्न पडता कामा नये. पहिल्यांदा तो प्रश्न गायिकेलाच पडला, म्हणून डबल आणखी दीड डेसिबल उतरले.

शेवटी तेच मिक्स मोबाइलच्या एकुलत्या स्पीकरवर. डावी-उजवी बाजू तिथे एकच होते, त्यामुळे डबल थोडे मागे गेले, पण पोकळपणा आला नाही. टेक खरोखर वेगळे आहेत याची ही खूण. हार्मनी मात्र जवळपास गायब झाली. ती अर्धा डेसिबल वर घेतली, आणि ध्रुवपद पहिल्यांदा येतं तिथले डबल पुसून टाकले. तिथे वाद्यं कमी आहेत, आवाज एकटा पुरतो.