समुपदेशनात बोललेलं घरी कळतं का?

नमस्कार. इंदूरमधल्या आपल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना आहे. येत्या शनिवारपासून राजेंद्रनगरात समुपदेशन सुरू होतंय. दर शनिवारी दुपारी ३ ते ७, समोर मीच असेन. एक बैठक साधारण ५० मिनिटांची, आणि पहिल्या तीन बैठकांना पैसे नाहीत. वेळ फोनवर ठरवायची. नंबर पडद्यावर दिसतोय. कशासाठी यायचंय, हे फोनवर कुणी विचारणार नाही.

ही बातमी फिरल्यापासून लोक मला एकच विचारतात, "ताई, घरी कळणार नाही ना?" साहजिक आहे. गणपतीत भेटणारी, हळदीकुंकवाला भेटणारी आपली माणसं तीच ती. तुमच्या आत्याला मी ओळखत असण्याची शक्यता बरीच आहे! म्हणून आज फक्त गुप्ततेबद्दल बोलते.

समजा, सुदामानगरातली एक सून माझ्याकडे आली. उदाहरण मनातलं आहे, कुणाचं खरं नाही. बाळ चार महिन्यांचं. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, आणि मधेच रडू येतं. पहिल्याच दिवशी आम्ही दोघी एक कागद वाचतो. मराठीत, एक पान. मी काय लिहून ठेवेन, कुणाला दाखवेन, कधी गुप्तता मोडेन, सगळं त्यावर आहे, आणि खाली माझीही सही आहे. माझ्या टिपणांवर तिचं नाव नसतं, क्रमांक असतो. नावांची वही वेगळी, कुलपात. खोली मंडळाने दिली आहे, पण मंडळाला महिन्याअखेर फक्त आकडा कळतो, किती जण आले एवढाच.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंचा फोन येतो. "आमची सून येते ना तुमच्याकडे? काय म्हणते?" माझं उत्तर असतं, "काकू, इथे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही." जी येत नाही तिच्याबद्दलसुद्धा मी "नाही" म्हणत नाही. कारण एकदा "नाही" म्हणायची सवय लागली, की जिच्याबद्दल मी गप्प बसेन ती येते असाच अर्थ निघणार. असा फोन आला होता हे मात्र मी सुनेला सांगते. सासूबाईंना एखाद्या बैठकीला बोलवायचं का, ते तिने ठरवायचं. आणि आपण सराफ्यात समोरासमोर आलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हाक मारलीत तर नक्की बोलेन. तेव्हा राग मानू नका.

आता गुप्तता कुठे मोडते तेही ऐका. "नको झालंय सगळं," असं ती म्हणाली, तर ते आमच्यातच राहतं. त्यावर मी सरळ प्रश्न विचारते, जीव द्यावासा वाटतो का, कसा, कधी ते ठरलंय का. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पण मार्ग ठरला असेल, साधन हाताशी असेल, किंवा बाळाच्या जिवाला धोका वाटत असेल, तर मी गप्प राहत नाही. आधी तिला सांगते, मग तिच्या समोरच फोन लावते. शक्यतो तिने पहिल्या दिवशी कागदावर ज्याचं नाव दिलं होतं, त्यालाच. सांगते तेही सुरक्षिततेपुरतं. नवऱ्याशी काय भांडण झालं ते नाही. याशिवाय अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. न्यायालयाचा आदेश आला तर तोही पाळावा लागतो.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम २३ मध्ये, रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. त्या कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगैरे येतात. नुसता समुपदेशक त्या यादीत नाही. म्हणूनच मी सही करून कागद देते. दुसरीकडे कुठे गेलात, तर तिथेही असा कागद मागा. कुणी टाळाटाळ केली तर मी तरी तिथे मन मोकळं करणार नाही.

मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. बाळंतपणानंतरची अशी उदासी आठवडे टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. मी चिठ्ठी देते, तीही तिला वाचून दाखवून आणि तिने हो म्हटलं तरच. बाणगंगेच्या मनोरुग्णालयाचं नाव काढून आपल्याकडे चेष्टा चालते, ती मला कधीच आवडली नाही. तिथे माणसं उपचार घेतात.

शनिवारपर्यंत थांबवत नसेल, तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास. नाव सांगायची सक्ती नाही, आणि भाषांमध्ये मराठीही आहे. जिवाला आत्ताच धोका असेल, तर ११२ लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.