गांजा लघवीत किती दिवस दिसतो? सगळ्यांना एकच ‘तीस दिवस’ सांगू नका

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हे नेहमीच्या प्रेक्षकांना माहीत आहे. आजचा विषय तुम्हीच लावून धरलाय. दोन कमेंट वाचून दाखवते. एक मुलगा लिहितो, “ताई, होळीला एकदाच भांग प्यायलो. दहा दिवसांनी जहाजावर चढायच्या आधीचं मेडिकल आहे. सापडेल का?” दुसरा लिहितो, “चार वर्षं रोज ओढत होतो. सोडून दहा दिवस झाले. अजून पॉझिटिव्ह का येतंय?” आणि दोघांच्याही खाली लोकांनी एकच उत्तर टाकलंय, “तीस दिवस लागतात.” या दोन माणसांचं उत्तर एक असूच शकत नाही.

मूळ गोष्ट पटकन सांगते. गांज्यातला नशा आणणारा घटक टीएचसी. यकृत त्याचं रूपांतर करतं आणि शेवटी तयार होतं कार्बॉक्सी-टीएचसी. त्याला स्वतःची नशा नसते, पण लघवीच्या तपासणीत आपण शोधतो ते हेच. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्टवरून माणूस तपासणीच्या वेळी नशेत होता असं म्हणता येत नाही. आणि हो, भांगेलाही हेच लागू. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. पण लघवी तपासायच्या पट्टीला कायदा कळत नाही. तिच्यासाठी ठंडाई आणि चिलीम सारखीच.

आता रोजच्या आणि क्वचितच्या माणसात फरक का पडतो? टीएचसी चरबीत विरघळतं. कोऱ्या मडक्यात तांब्याभर पाणी ओतून लगेच ओतून टाकलं तर मडकं थोडं ओलसर होतं आणि दुपारपर्यंत सुकतं. पण वर्षभर भरलेला रांजण रिकामा केलात तरी त्याच्या अंगातून ओल पाझरत राहते. रोज ओढणाऱ्याच्या चरबीत साठा झालेला असतो. तो हळूहळू रक्तात उतरतो, आणि ओढणं थांबलं तरी लघवीत येत राहतो.

आकडे सांगते, पण आकड्याआधी एक शब्द लक्षात ठेवा. कटऑफ, म्हणजे ती मर्यादा जिच्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात. पहिल्या चाचणीचा नेहमीचा कटऑफ एका मिलीलीटरमागे ५० नॅनोग्रॅम. त्या पट्टीवर एखाद्या वेळी घेणारा साधारण तीन-चार दिवसांत खाली येतो. कटऑफ २० केला तर त्याच माणसाला आठवडा लागू शकतो. रोज घेणारा ५०च्या कटऑफवर बहुधा दहा दिवसांच्या आसपास, आणि २०वर तीन आठवड्यांपर्यंत. वर्षानुवर्षं भरपूर घेतलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९८५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८६ जणांना देखरेखीखाली ठेवलं होतं. २०च्या कटऑफवर कुणी सलग ४६ दिवस पॉझिटिव्ह राहिलं. आणि सलग दहा दिवस कटऑफच्या खाली राहायला एखाद्याला ७७ दिवस लागले. तुमचा ‘तीस दिवस’ अशा टोकाच्या माणसांकडून आलाय. होळीवाल्या मुलाला तो लावला तर बिचारा महिनाभर झोपणार नाही.

आता माझा जीव ज्यावर तुटतो ते. निगेटिव्ह म्हणजे शून्य नाही! निगेटिव्ह म्हणजे कटऑफच्या खाली. ४९ असेल तरी निगेटिव्ह, ५१ असेल तर पॉझिटिव्ह, आणि शरीराच्या दृष्टीने त्या दोघांत काहीच अंतर नाही.

ही पट्टी जवळून बघा. वर ‘C’, खाली ‘T’. गरोदरपणाच्या चाचणीत रेघ आली की पॉझिटिव्ह, इथे बरोबर उलटं आहे. ‘T’ची रेघ उमटली म्हणजे निगेटिव्ह. नाही उमटली तर पॉझिटिव्ह. आणि रेघ फिकट असली तरी निगेटिव्हच. मी नोकरीला लागले तेव्हा अशी एक फिकट रेघ बघून मी वहीत ‘संशयित’ लिहिलं होतं. मुलगा बाहेर बाकावर बसला होता, सोबत त्याची आई. सरांनी माझ्या हातून वही घेतली आणि म्हणाले, “रेघ आहे ना? मग लिही निगेटिव्ह. रेघ किती गडद आहे हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही.” तो ‘संशयित’ शब्द रिपोर्टवर गेला असता तर त्याची नोकरी गेली असती. म्हणून सांगते, फिकट रेघेवरून ‘थोडं थोडं आहे’ असा अर्थ काढू नका.

याच गोष्टीची तिसरी बाजू दहा दिवसवाल्यासाठी. तो म्हणतो, चौथ्या दिवशी निगेटिव्ह आलं, सहाव्या दिवशी परत पॉझिटिव्ह, घरचे म्हणतात तू परत ओढलंस. मंडळी, न ओढताही असं होतं. उदाहरण मांडते. पहिल्या दिवशी कार्बॉक्सी-टीएचसी १२०, चौथ्या दिवशी ४०, सहाव्या दिवशी ७२. नुसतं बघितलं तर वाढलंय. पण लघवी कधी पातळ असते, कधी घट्ट. ती किती घट्ट आहे हे क्रिएटिनिन सांगतं. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन डेसिलीटरला २०० मिलिग्रॅम, चौथ्या दिवशी भरपूर पाणी पिऊन ८०, सहाव्या दिवशी १८०. आता १२०ला २००ने भागून शंभराने गुणा, ६० येतात. चौथ्या दिवसाचे ५०. सहाव्या दिवसाचे ४०. साठ, पन्नास, चाळीस. साठा उतरतोय! पोरगं खरं बोलतंय. हे गुणोत्तर आधीच्यापेक्षा ठळकपणे वर गेलं असतं, तर नव्याने घेतल्याचा संशय योग्य ठरला असता.

पाण्याचाही प्रश्न यातच सुटला. पाण्याने चरबीतला साठा बाहेर पडत नाही, नमुना पातळ होतो एवढंच. क्रिएटिनिन २०च्या खाली आणि विशिष्ट गुरुत्वही कमी आलं, की लॅब ‘डायल्यूट’ लिहिते आणि बहुतेक ठिकाणी परत नमुना मागतात. लिंबू, व्हिनेगर, काढे यांचं विचारू नका, त्यावर मी वेळ घालवणार नाही.

होळीवाल्या दादा, तू खरंच एकदाच घेतली असशील तर दहाव्या दिवशी ५०च्या पट्टीवर सापडण्याची शक्यता फारच कमी. पण आधीचे तीन महिने शनिवार-रविवार चालू असेल, तर तू ‘एकदाच’वाला नाहीस, तुझा हिशेब रांजणाकडे सरकतो. हे स्वतःशी खरं बोल.

आणि पट्टीवर पॉझिटिव्ह आलं तर तिथेच सही करून मोकळे होऊ नका. पट्टी ही पहिली चाळणी असते. पक्क्या तपासणीसाठी त्याच नमुन्यावर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस होते, तिथे कटऑफ बहुधा १५ असतो. रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी त्यावर शोधा: पद्धत कोणती, कटऑफ किती, क्रिएटिनिन किती. यातलं एखादं छापलेलं नसेल तर काउंटरवरच विचारून लिहून घ्या.