तीन बॅगा आणि एकच स्थिर खर्च: ब्रेक-ईव्हनचा तक्ता कसा मांडायचा

एकच वस्तू विकणाऱ्याला ब्रेक-ईव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होईल एवढी विक्री, काढणं सोपं जातं. स्थिर खर्चाला नगामागच्या अंशदानाने भागलं की झालं. पण एकच वस्तू विकणारे फार थोडे. बहुतेकांकडे दोन-चार वस्तू असतात, किमती वेगळ्या, कच्चा माल वेगळा आणि भाडं मात्र सगळ्यांचं मिळून एकच. चुका होतात त्या इथे. म्हणून आज तीन वस्तूंचा एकच तक्ता घेऊ आणि त्यातल्याच आकड्यांवर बोलू.

कापडी बॅगांचं एक छोटं शिवणयुनिट समजा. छोटा पाऊच, खांद्यावरची पिशवी आणि लॅपटॉप बॅग अशी तीन उत्पादनं. चलन कोणतंही धरा.

तक्त्याला हात लावण्याआधी नगामागचा बदलता खर्च नीट काढायचा. खांद्यावरची पिशवी घेऊ. कापड १४०, अस्तर ४०, चेन आणि बकल ३५, शिलाईची नगावारी मजुरी ५५, पॅकिंग १०, वीज ५ आणि विक्रीवरचं कमिशन १५. बेरीज ३००. पिशवी विकली जाते ५०० ला, म्हणजे अंशदान २००. अंशदान म्हणजे एक नग विकल्यावर त्याचा स्वतःचा खर्च भागून स्थिर खर्चासाठी जे उरतं ते. तो अजून नफा नाही. स्थिर खर्च पूर्ण भरून निघाल्यावरच त्याचा नफा होतो.

या सात ओळींत सगळ्यात जास्त फसवते ती कापडाची ओळ. तयार पिशवीत जेवढं कापड दिसतं तेवढ्याचीच किंमत लावली, तर कटिंगमधली चिंधी हिशेबाबाहेर राहते. थान किती आलं आणि त्यातून चांगले नग किती निघाले, या भागाकारातून कापडाचा खर्च काढा. किमतीचंही तसंच. लेबलवरची किंमत धरायची नाही. सूट वजा करून आणि गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला भरायचा कर बाजूला ठेवून हातात जे राहतं, ते धरायचं. ५०० पैकी २५ सूट गेली, तर किंमत पाच टक्क्यांनीच उतरते, पण अंशदान जवळपास २०० चं १७५ होतं, म्हणजे आठवा हिस्सा जातो.

वीज ५ कुठून आली, असं कुणी विचारेल. विजेचं बिल पूर्ण स्थिरही नसतं आणि पूर्ण बदलतंही नसतं. मागची काही बिलं समोर घ्या. सर्वांत जास्त उत्पादनाच्या महिन्यात १,२०० नग निघाले आणि बिल ९,६०० आलं. सर्वांत कमी उत्पादनाच्या महिन्यात ७०० नग आणि ७,१००. नगांचा फरक ५००, बिलाचा २,५००, म्हणजे नगामागे ५. १,२०० नगांचे ६,००० वजा केले की उरलेले ३,६०० स्थिर. ही रीत ढोबळ आहे. त्या दोनपैकी एखाद्या महिन्यात काही वेगळं घडलं असेल, मशीन बंद राहिलं असेल किंवा दर बदलला असेल, तर तो महिना सोडून उत्पादनाच्या क्रमातला पुढचा घ्यायचा.

आता स्थिर खर्च, महिन्याचा. भाडं ३६,०००, कटर आणि सुपरवायझरचे पगार ५८,०००, मशिनांचा घसारा १४,०००, विजेचा स्थिर भाग ३,६००, विमा आणि फोन ६,४००, नमुने आणि जाहिरात ८,०००. एकूण १,२६,०००. कर्जाचा हप्ता असेल तर त्यातलं फक्त व्याज इथे येतं, मुद्दल नाही. मुद्दलाच्या जागी घसारा धरलेलाच आहे, दोन्ही धरले तर मशीनची किंमत दोनदा मोजली जाते. रोकड किती लागेल हे पाहायचं असेल तर वेगळा हिशेब करा: घसारा काढा आणि मुद्दल घाला. त्या आकड्याला ब्रेक-ईव्हन म्हणून या तक्त्यात मिसळू नका.

आता तक्ता.

| | पाऊच | खांद्यावरची पिशवी | लॅपटॉप बॅग | एकूण |
|---|---|---|---|---|
| महिन्याचे नग | ५०० | ३०० | २०० | १,००० |
| किंमत | २०० | ५०० | १,००० | |
| बदलता खर्च | १४० | ३०० | ५५० | |
| नगामागे अंशदान | ६० | २०० | ४५० | |
| विक्री | १,००,००० | १,५०,००० | २,००,००० | ४,५०,००० |
| अंशदान | ३०,००० | ६०,००० | ९०,००० | १,८०,००० |
| स्थिर खर्च | | | | १,२६,००० |
| नफा | | | | ५४,००० |

स्थिर खर्चाच्या ओळीत तिन्ही वस्तूंचे रकाने रिकामे आहेत. ते मुद्दामच रिकामे ठेवलेत. तिथे काही भरायचा मोह होतो, त्याच्याकडे नंतर येतो.

ब्रेक-ईव्हन काढायला तिन्ही वस्तूंचा एक गठ्ठा करा. विक्रीचं प्रमाण ५ : ३ : २ आहे. गठ्ठ्यात पाच पाऊच, तीन पिशव्या, दोन लॅपटॉप बॅगा. त्याचं अंशदान ३०० अधिक ६०० अधिक ९००, म्हणजे १,८००. १,२६,००० ला १,८०० ने भागलं की ७० गठ्ठे. म्हणजे ३५० पाऊच, २१० पिशव्या, १४० लॅपटॉप बॅगा. एका गठ्ठ्याची विक्री ४,५००, सत्तर गठ्ठ्यांची ३,१५,०००. भागाकार अपूर्णांकात आला तर नेहमी वरचा पूर्णांक घ्या. अर्धी बॅग कुणी विकत घेत नाही.

मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणजे आजची विक्री आणि ब्रेक-ईव्हनची विक्री यांतलं अंतर. ४,५०,००० वजा ३,१५,०००, म्हणजे १,३५,०००, आजच्या विक्रीच्या ३० टक्के. ताळा लगेच करून घ्या: एकूण अंशदान विक्रीच्या ४० टक्के आहे, १,३५,००० चे ४० टक्के ५४,०००. तक्त्यातला नफा तोच. हा ताळा जुळला नाही, तर एखादी बेरीज किंवा भागाकार चुकला आहे.

आता इथवर आलेला माणूस म्हणतो, विक्री ३० टक्क्यांपर्यंत घटली तरी मला तोटा नाही. हे वाक्य अर्धंच आहे. विक्री घटताना प्रमाण ५ : ३ : २ हेच राहिलं तर ते खरं.

पुढच्या महिन्यात बॅगा पुन्हा १,००० च विकल्या गेल्या असं समजा. पण ७०० पाऊच, २०० पिशव्या आणि १०० लॅपटॉप बॅगा. विक्री १,४०,००० अधिक १,००,००० अधिक १,००,०००, म्हणजे ३,४०,०००. घट २४ टक्क्यांच्या आसपास, ३० च्या आत. जुन्या तक्त्यानुसार ब्रेक-ईव्हन ३,१५,००० वर आहे, म्हणजे वरच्या २५,००० चे ४० टक्के, १०,००० नफा दिसायला हवा. प्रत्यक्षात अंशदान ४२,००० अधिक ४०,००० अधिक ४५,०००, म्हणजे १,२७,०००. नफा फक्त १,०००.

काय झालं? ब्रेक-ईव्हनच जागचा हलला. नव्या गठ्ठ्यात, ७ : २ : १ मध्ये, अंशदान १,२७० आहे. १,२६,००० ला त्याने भागलं तर ९९.२, म्हणजे १०० गठ्ठे लागतात. पूर्वी ७०० नगांत भरणारा खर्च भरायला आता जवळजवळ सगळे हजार नग लागतात. मार्जिन ऑफ सेफ्टी ३० टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आलं. नग मोजणाऱ्याला हे दिसत नाही, कारण शिवणाऱ्यांचे हात तितकेच चालू असतात आणि गोदामातून माल तितकाच बाहेर जातो. म्हणून तक्त्याशेजारी दुसऱ्या प्रमाणाचा एक रकाना कायम ठेवा, आणि ते प्रमाण तुमच्या मागच्या सर्वांत वाईट महिन्याचं घ्या. मनाने ठरवलेलं नको.

आता त्या रिकाम्या रकान्यांकडे. समजा १,२६,००० हजार नगांवर सारखे वाटले, नगामागे १२६. पाऊचचं अंशदान ६०, म्हणजे प्रत्येक पाऊचमागे ६६ तोटा. निष्कर्ष तयार: पाऊच बंद करा. करून बघू. पाऊच बंद झाला तरी भाडं आणि पगार तेवढेच राहिले, गेलं ते फक्त पाऊचचं ३०,००० अंशदान. नफा ५४,००० चा २४,००० झाला. गंमत अशी की ब्रेक-ईव्हन मात्र खाली येतो. उरलेल्या दोन वस्तूंची विक्री ३,५०,००० आणि अंशदान १,५०,०००, त्या हिशेबाने ब्रेक-ईव्हन २,९४,०००. तेवढंच पाहिलं तर निर्णय बरोबर वाटेल. पण मार्जिन ऑफ सेफ्टी ५६,०००, म्हणजे १६ टक्के. जवळपास निम्मं झालं. एकटा ब्रेक-ईव्हन वाचून निर्णय घ्यायचा नाही तो यासाठी.

याला एक अपवाद आहे. पाऊच ज्या मशीनवर शिवला जातो त्याच मशीनअभावी लॅपटॉप बॅगेच्या ऑर्डरी परत जात असतील, तर प्रश्न बदलतो. मग नगामागे नव्हे, मशीनच्या तासामागे अंशदान बघायचं. तासाला दहा पाऊच होत असतील तर ६००, एकच लॅपटॉप बॅग होत असेल तर ४५०. अशा वेळी पाऊच लॅपटॉप बॅगेला मागे टाकतो.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय: उत्पादन वाढलं तरी स्थिर खर्च स्थिरच राहतो का? नाही, तो पायरीने वाढतो. या युनिटमध्ये एक कटर १,२०० नगांपर्यंत पुरतो असं धरा. त्यापुढे दुसरा लागतो, त्याचा पगार १८,०००. स्थिर खर्च १,४४,००० झाला की ब्रेक-ईव्हन ७० वरून ८० गठ्ठ्यांवर जातो. जुन्या प्रमाणात १,२०० नगांवर नफा ९०,००० होता. १,२१० नग केले तर ७३,८००. पुन्हा ९०,००० वर यायला १,३०० नग विकावे लागतात. म्हणजे १,२०० आणि १,३०० च्या मधला महिना हा जास्त काम करून कमी कमावण्याचा आहे. तेवढ्या ऑर्डरी खात्रीने दिसत नसतील, तर वरचे काही नग बाहेरून नगावारीने कापून घ्या आणि तो खर्च बदलत्या खर्चात दाखवा. दहा नगांच्या एका गठ्ठ्याला जादा कटिंगचे १०० गेले तरी त्या गठ्ठ्याचं अंशदान १,७०० राहतं आणि स्थिर खर्चाची पायरी चढावी लागत नाही.