टीडी, सीडी आणि करपात्र मूल्य

(जळगाव येथे व्यापारी व लेखापाल यांच्यापुढे केलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, जळगावच्या बाजारात टीडी आणि सीडी हे शब्द एका दमात उच्चारले जातात, आणि माझ्या मते निम्मा घोटाळा तिथेच सुरू होतो. टीडी, म्हणजे व्यापारी सूट, मालाचा भाव ठरवते. ती विक्रीच्या आधीच ठरलेली असते. सीडी, म्हणजे रोख सूट, पैसे लवकर दिल्याबद्दल मिळते. ती मिळणार की नाही हे बिल फाडतेवेळी बहुधा कोणालाच ठाऊक नसते. करपात्र मूल्यावरचा दोहोंचा परिणाम वेगळा होतो, तो या काळाच्या फरकामुळे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ मधील कलम १५(३)(क) सुटीचे नाव विचारत नाही. ती पुरवठ्याच्या आधी किंवा त्या वेळी दिली का आणि बिलात नोंदवली का, एवढेच विचारते.

एक उदाहरण घेऊ. जळगावचा एक पीव्हीसी पाइपचा उत्पादक चोपड्याच्या दुकानदाराला यादीभावाने १,००,००० रुपयांचा माल देतो. २० टक्के टीडी बिलातच वजा होते, म्हणून करपात्र मूल्य ८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के दराने कर १४,४०० रुपये, आणि बिल ९४,४०० रुपयांचे. खाली छापलेले असते : सात दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सीडी.

दुकानदार पाचव्या दिवशी पैसे पाठवतो. त्याने मालाबरोबरच पैसे दिले असते आणि सूट बिलातच दाखवली असती, तर करपात्र मूल्य ७८,४०० रुपये झाले असते, कर १४,११२ रुपये, आणि प्रश्न तिथेच मिटला असता. म्हणजे बिलातच नोंदवलेली रोख सूटही करपात्र मूल्य कमी करते. हे अनेकांना सांगूनही पटत नाही. मात्र ती कर मोजण्याच्या आधी, करपात्र रकमेच्या वरच्या ओळीत यायला हवी. संगणकावर बिल करणारा मुलगा ती कराच्या खाली टाकतो, तेव्हा ग्राहकाचे देणे कमी होते, पण कर पूर्ण ८०,००० रुपयांवरच लागलेला असतो.

आपल्या दुकानदाराची सूट बिलानंतरची आहे, म्हणून येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट अशी की उत्पादकाने कलम ३४ नुसार करासह क्रेडिट नोट द्यायची : १,६०० रुपये मूल्य आणि २८८ रुपये कर, एकूण १,८८८ रुपये. त्यासाठी कलम १५(३)(ख) नुसार सुटीचा करार पुरवठ्याच्या वेळी किंवा त्याआधी झालेला असावा, ती विशिष्ट बिलांशी जोडता यावी, आणि दुकानदाराने खरेदीवरील कराच्या घेतलेल्या जमेतून २८८ रुपये उलटवलेले असावेत. कराराची अट वगळावी, अशी शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये केली आहे. जमा उलटवण्याचा भाग मात्र व्यवहाराचा कणाच आहे. दुकानदाराने ती उलटवली नाही, तर उत्पादकाचे मूल्य कमी होत नाही.

दुसरी वाट म्हणजे कर न लावता केवळ १,६०० रुपयांची व्यापारी क्रेडिट नोट. करपात्र मूल्य ८०,००० रुपयेच राहते, उत्पादकाचा १४,४०० रुपयांचा कर तसाच राहतो, आणि दुकानदाराची १४,४०० रुपयांची जमाही शाबूत राहते. दुकानदार ९२,८०० रुपये देतो. त्याला पूर्ण जमा मिळत असेल, तर दोन्ही वाटांनी त्याला माल अखेर ७८,४०० रुपयांनाच पडतो. म्हणूनच लहानसहान सीडीसाठी मला स्वतःला ही दुसरी वाट जास्त सोयीची वाटते. महिन्याला दोनशे बिलांच्या जमा उलटवल्या का, हे विचारत कोण बसणार?

आता खरी चूक कुठे होते ते पाहू. दुकानदार बिलाच्या एकूण रकमेवर, म्हणजे ९४,४०० रुपयांवर, २ टक्के काढतो आणि १,८८८ रुपये कापून ९२,५१२ रुपये पाठवतो. उत्पादकाचा मुनीम तो आकडा मान्य करतो आणि सारी रक्कम खात्यात ‘कसर’ म्हणून टाकतो. करासह क्रेडिट नोट मात्र कोणीच काढत नाही. सरकारात १४,४०० रुपये गेलेले असतात, दुकानदाराने तेवढीच जमा घेतलेली असते, आणि २८८ रुपये उत्पादकाच्या खिशातून गेलेले असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : कसर खात्यातील रकमेला त्या बिलाच्या करपात्र मूल्याने भागा. १,६०० भागिले ८०,००० म्हणजे नेमके २ टक्के येतात. १,८८८ भागिले ८०,००० म्हणजे २.३६ टक्के येतात. १८ टक्के कराच्या मालाला २.३६ दिसले, की सूट करावरही दिली गेली, असे समजा.

काही जण दुसरे टोक गाठतात. पैसे येतीलच या भरवशावर सीडी आधीच बिलात वजा करतात आणि मुदत टळली की ‘सीडी परत’ म्हणून १,६०० रुपये वसूल करतात. त्या वसुलीची करासह डेबिट नोट काढावी लागते, कारण उशिरा पैसे दिल्याबद्दलचे व्याज, विलंब शुल्क किंवा दंड कलम १५(२)(घ) नुसार पुरवठ्याच्या मूल्यातच मोडतो. नुसती साधी पावती देऊन ती रक्कम घेता येत नाही.