काटोलच्या विहिरीतलं पाणी कोणाचं?

मंडळी, अर्थशास्त्र कुठल्याही वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारतं. मी ती वापरली तर तुमच्या वाट्याची कमी होते का? आणि पैसे न देणाऱ्याला ती वापरण्यापासून अडवता येतं का? नागपूरच्या कळमना बाजारातून आणलेलं संत्रं मी खाल्लं की संपलं, आणि पैसे दिल्याशिवाय ते मिळतही नाही. ती खाजगी वस्तू. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड माझ्यामुळे तुम्हाला कमी पडत नाही आणि कुणाला त्यातून वगळताही येत नाही. ती सार्वजनिक वस्तू, तिचा खर्च करातूनच निघणार. दुपारच्या रिकाम्या मेट्रोत तिकिटाशिवाय प्रवेश नाही, पण एक प्रवासी वाढला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. ही क्लब वस्तू. चौथा प्रकार सामायिक संसाधनाचा. इथे माझ्या वापराने तुमचं कमी होतं, पण मला अडवायला कुणी नसतं. आज मला याच चौथ्या प्रकाराबद्दल बोलायचं आहे, कारण काटोल-नरखेडच्या संत्राबागांखालचं पाणी याच प्रकारात मोडतं.

कायदा मात्र त्याला जवळजवळ खाजगी समजत आला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून भूजल जमिनीच्या मालकीला जोडलेलं आहे. माझ्या शेतात मी विहीर खोदली की त्यातलं पाणी माझं. पण खडकाला सातबारा कळत नाही.

एक हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. दहा बागायतदार एकाच भूजलावर आहेत. त्यातल्या एकाने पंप तासभर जास्त चालवला तर त्याला ६० रुपयांचा फायदा होतो. त्या तासाने पातळी उतरते आणि सगळ्यांचा मिळून १०० रुपयांचा तोटा होतो: कुणाचा उपसा महागतो, कुणाची विहीर लवकर आटते. हा तोटा दहा जणांत सारखा वाटला गेला, म्हणून पंपवाल्याच्या वाट्याला १० रुपयेच आले. त्याला निव्वळ ५० सुटले, तो पंप चालू ठेवणारच. गावाचं मात्र त्या तासात ४० रुपयांनी नुकसान झालं. आणि दहाही जण हाच हिशेब करतात. यात कुणी लोभी नाही, किंमत चुकीची आहे. इतर नऊ जणांवर पडणारे ९० रुपये पंपवाल्याला द्यावे लागले असते, तर त्याने तो तास चालवला नसता. १०० रुपयांहून जास्त फायदा देणारे तास मात्र चालूच राहिले असते.

प्रत्यक्षात किंमत उलट्या दिशेला गेली. बऱ्याच पंपांचं बिल वर्षानुवर्षं अश्वशक्तीवर ठरलं आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. शेतकऱ्याच्या खिशाला त्याची गरज होती, हे मी नाकारत नाही. पण पुढच्या तासाची किंमत शून्य झाली. मीटरचं बिल पाण्याचं नसलं तरी खोलीची जाणीव करून देतं. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर हजार लिटर पाणी ५० मीटरवरून उचलायला साधारण ०.३४ युनिट लागतं आणि १०० मीटरवरून त्याच्या दुप्पट. पाणी जसं खाली जाईल तसं बिल वाढतं. सौर पंपावर ही खूणसुद्धा उरत नाही. माझ्या मते मदत पंपाच्या तासांवर न देता एकरकमी खात्यात द्यावी आणि युनिटला भाव ठेवावा. मदत तेवढीच राहते, पण वाचवलेला तास शेतकऱ्याच्या खिशात पडतो.

आता अडचण अशी की वाटेकरी नेमके कोण? आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी वाळूत पसरतं तसं सगळीकडे पसरत नाही. ते झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. म्हणून उन्हाळ्यात एक करून बघा. शेजाऱ्यांचे पंप रात्रभर बंद ठेवा, सकाळी त्यांच्या विहिरींची पातळी टेपने मोजा, मग फक्त तुमचा पंप सहा तास चालवून पुन्हा मोजा. जी विहीर ठळक उतरली ती तुमच्या वाटणीत आहे. जी उतरली नाही तिला निदान या खेपेला तरी तुमच्या उपशाने फरक पडला नाही. मात्र दूरचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून दरवर्षी पावसाळ्यानंतरची पातळीही लिहून ठेवा. ती वर्षागणिक खाली सरकत असेल तर वाटणी दिसते त्याहून मोठी आहे.

बऱ्याचदा असे वाटेकरी मोजकेच निघतात, आणि मोजक्या लोकांना सरकारी दराची वाट पाहावी लागत नाही. संत्र्याच्या हिवाळी फुलोऱ्याला, म्हणजे आंबिया बहाराला, डिसेंबरात पाणी तोडून ताण देतात, मग जानेवारीपासून पाणी लागतं आणि एप्रिल-मेमध्ये, विहिरी सर्वांत खाली असताना, फळं झाडावर असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहारात मे महिन्यातच झाडं ताणावर असतात. तेव्हा ऑक्टोबरात पातळी मोजून ती ठरलेल्या खुणेच्या खाली असेल, तर त्या वर्षी सगळ्यांनी मृगच धरायचा, असा नियम त्या मोजक्यांनी पाळला तर मे महिन्यातला उपसा टळतो. यात मृगाला पाऊस लांबण्याची जोखीम आहे आणि भाव वेगळा मिळतो, म्हणून ज्याने आंबिया सोडला त्याला बाकीच्यांनी काय द्यायचं, हेही ऑक्टोबरातच ठरवून ठेवावं लागतं.