परकराच्या कंबरपट्टीत कापड किती बसवायचं?
(परभणी इथे शिवणवर्गातल्या महिलांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

परकर बेतायला घेतला की पहिला प्रश्न घेराचा येतो. आपल्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं आहे, कंबरेच्या तिप्पट. मलमलीला हे उत्तर चालतं. पण तोच हिशेब नांदेडच्या जाड खादीला लावला, की कंबर फुगते, पट्टी बाहेरच्या बाजूला उलटते आणि शिवताना मशीनची सुई मोडते. म्हणून आज फक्त एवढंच बोलते, की हे पट कापडावरून कसे ठरवायचे आणि ठरल्यावर चुण्या सारख्या कशा बसवायच्या.

तिप्पट म्हणजे नेमकं काय होतं ते आधी बघा. पट्टीच्या प्रत्येक इंचात 3 इंच कापड कोंबायचं. म्हणजे कंबरेच्या शिवणीत कुठेही चिमटीत धरलंत, तर सरासरी 3 थर हाताला लागणार. त्यावर पट्टीचे थर वेगळे. कापड पातळ असेल तर हे थर एकमेकांवर निजतात. जाड असेल तर ते निजायला जागाच मिळत नाही, मग ते उभे राहतात. कंबर फुगते ती यामुळे, शिलाई कच्ची म्हणून नव्हे.

याला एकच खात्रीचा उपाय आहे, तुकडा करून बघणं. त्याच कापडाची 12 इंच लांब, 4 इंच रुंद पट्टी घ्या, मोठ्या टाक्याच्या दोन टिपा मारा आणि दोरा ओढा. चुण्या भरलेल्या दिसतील, पण बोटाने दाबल्यावर दबतील, तिथे थांबा आणि मोजा. 12 चे 4 झाले तर तिप्पट, 5 झाले तर जवळजवळ अडीचपट, 6 झाले तर दुप्पट, 8 झाले तर दीडपट. मलमल, व्हॉइल अडीच ते तिप्पट घेतात. पॉपलीन दुपटीच्या आसपास छान दिसतं. आपल्या हिमरूच्या उलट बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात, त्याने जाडी वाढते आणि चुण्यांचा दोरा ओढताना ते धागे अडकतात. हिमरूला मी दीडपटीच्या वर जात नाही, आणि चुण्यांऐवजी प्लेट्स घालते.

तुकडा कापताना दिशा चुकवू नका, बरं का. साध्या कापडाचा ताणा आपण वरून खाली घेतो. काठाच्या कापडात मात्र काठ घेराला यावा म्हणून कापड आडवं धरतो, त्यामुळे ताणा कंबरेभोवती फिरतो आणि चुणीची घडी बाण्याच्या दिशेने पडते. एकच कापड या दोन दिशांना वेगळं वागतं. परकर जसा धरणार तसाच तुकडा कापा, नाहीतर तुकड्यावर मऊ पडलेली चुणी परकरावर ताठ उभी राहील.

आता एक हिशेब पुरा करू. मुलीची कंबर 22 इंच. 1 इंच सैल धरली की 23, आणि बटणाखाली जाणारा 1 इंच मिळून पट्टी तयार 24 ची. कापड 36 पन्ह्याची खादी, तुकड्यावर दुप्पट आली. 23 ची दुप्पट 46. बटणाखालचा 1 इंच सपाटच ठेवायचा, तिथे चुण्या आल्या तर काज-बटण कधी नीट बसत नाही. मधला जोड आणि दोन्ही कडा यांची माया 2 इंच. एकूण 49. म्हणजे साडेचोवीस इंचाचे दोन तुकडे. पन्हा 36 चा आहे म्हणून तो सगळा घालायचा मोह आवरा. प्रत्येक पन्ह्यातून साडेअकरा इंचाची फाळी उरते, तिच्यातून कंबरपट्टी ताण्याच्या दिशेने लांब कापा. ताण्यावर कापलेली पट्टी सहसा ताणत नाही.

हाच परकर मलमलीचा असता तर दोन पन्हे पूर्ण लागले असते. 72 मधून माया 2, सपाट भाग 1, उरले 69. तेवीस त्रिक एकोणसत्तर, बरोबर तिप्पट.

चुण्यांची टीप मारताना शिवण 4 सुतावर येणार असेल, तर एक टीप 3 सुतावर आणि दुसरी 5 सुतावर घ्या. शिवण दोघींच्या मधे पडते. एकाच टिपेवर ओढलं तर चुणी त्या टिपेभोवती फिरते आणि तिरकी होते. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा, बॉबिनमध्ये पक्का आणि वेगळ्या रंगाचा दोरा भरा, ओढायचा तोच. जोडाच्या शिवणीवरून टीप नेऊ नका. तिथे कापड दुहेरी असतं आणि दोरा नेमका तिथेच तुटतो. जोडापाशी थांबा, पलीकडून नवी टीप सुरू करा.

मग सपाट 1 इंच सोडून पट्टी तीन वेळा निम्मी दुमडा, आठ भागांवर खडूच्या खुणा करा. घेरालाही तसंच. आपल्या खादीच्या परकरात घेराचा एक भाग पावणेसहा इंच येतो आणि पट्टीचा 2 इंच 7 सूत. खूण खुणेला टाचा आणि दोरा दोन्ही टोकांकडून ओढा. एकाच टोकाकडून ओढलं की त्या बाजूला गर्दी होते आणि मध्यावर कापड सपाट राहतं. शिवताना चुण्या वर, पट्टी खाली. दाबपट्टी चुण्यांना पुढे ढकलत असते, म्हणून सुईच्या पुढे आरीचं टोक धरा आणि सावकाश चला. उलटून बघितल्यावर चुण्या शिवणीला काटकोनात उभ्या हव्यात. एका अंगाला कललेल्या दिसल्या तर तेवढाच भाग उसवून पुन्हा बसवा, इस्त्रीने ते जात नाही. इस्त्री फक्त मायेवर फिरवा, खाली चुण्यांवर फिरवली तर त्या मरतात.

प्लेट्सला पटींचा हिशेब तोच, फक्त तिथे कापड सरकवून सावरता येत नाही. मलमलीच्या त्या 69 इंचात 23 प्लेट्स बसतात, वर दिसणारा 1 इंच आणि आत जाणारे 2. प्रत्येक प्लेटमागे अर्धं सूत चुकलं तर 23 प्लेट्सला जवळपास दीड इंच होतो, आणि कंबर तेवढी लहान किंवा मोठी निघते. म्हणून टेपने एकेक मोजत जाऊ नका. कागदाच्या लांब पट्टीवर सगळ्या खुणा आधी करून घ्या आणि तिथून कापडावर उतरवा. कापडाचा जोड आतल्या घडीत लपवायचा, तोंडावर आणायचा नाही.

मोठ्या बाईचा घागरा शिवताना अजून एक माप बघावं लागतं. कंबर 30 आणि सीट 40 असेल, तर दीडपट घेर 45 चा झाला. कंबरेला त्या चुण्या बऱ्या दिसतात, पण सीटवर फक्त 5 इंच सैल उरतात आणि बसताना कापड ताणतं. जाड कापडाला कंबरेत याहून जास्त पट सोसत नाहीत. अशा वेळी चुण्या कंबरेत घालूच नका. वर सपाट योक लावा आणि चुण्या त्याच्या खालच्या कडेला जोडा, किंवा कळ्या कापा, म्हणजे वर कापड कमी राहून खाली घेर मिळतो.